पडद्याच्या सुजेवरचे इंजेक्शन आणि फेटाळलेला दावा: फिरत्या निरोपाला उत्तर

“डोळ्याच्या पडद्याला सूज आली म्हणून घेतलेल्या इंजेक्शनचे पैसे कोणतीच विमा कंपनी देत नाही. एक, चोवीस तास दाखल नसाल तर क्लेम बसत नाही. दोन, इंजेक्शन म्हणजे ऑपरेशन नव्हे, ते ओपीडीत जमा. तीन, शुगर आहे म्हटल्यावर जुना आजार म्हणून हात वर करतात. चार, अपील करून उपयोग नाही, तेच लोक पुन्हा वाचतात. उगाच कागद रंगवू नका. सर्वांना पाठवा.”

हा निरोप गेल्या दोन महिन्यांत मालवणातल्याच तिघांनी मला पाठवला, आणि त्यांपैकी एकाने तो वाचून आपली बिले खरोखरच कपाटात ठेवून दिली, म्हणून हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. बँकेत नोकरी झाली आणि आता निवृत्तीनंतर शेजारपाजारच्यांची पत्रे लिहून देतो. त्यातले एक पत्र माझ्या सख्ख्या काकांचे होते, आणि पुढचे सगळे त्याच्याच आधाराने आहे.

काका ६३ वर्षांचे, मधुमेह सोळा वर्षांचा. २०२४ च्या पावसाळ्यात ते म्हणू लागले, “कडेचां दिसता, मधलां दिसना नाय.” घाट चढून कोल्हापूरला पडद्याच्या डॉक्टरांकडे नेले. ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, केल्यावर उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची जाडी ४६८ मायक्रॉन निघाली. निरोगी डोळ्यात ती साधारण अडीचशेच्या आसपास असते. चष्मा लावूनही नजर ६/२४ होती, म्हणजे निरोगी डोळा चोवीस मीटरवरून वाचतो ते अक्षर त्यांना सहा मीटरवरूनच वाचता येत होते. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये एकेक अशी तीन इंजेक्शने झाली. प्रत्येकाचे बिल २४,००० रुपये, एकूण ७२,०००. डिसेंबरात विमा कंपनीचे दोन ओळींचे पत्र आले, आणि त्यात निरोपातले पहिले दोन मुद्दे जवळपास जसेच्या तसे होते. कलमाचा क्रमांक मात्र कुठेच नव्हता.

त्या दोन मुद्द्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून काय वगळता येईल याचे नियम एकसारखे केले, आणि त्याच वेळी बारा आधुनिक उपचारांची यादी देऊन हे उपचार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असे ठरवले. त्या यादीत ‘इंट्राव्हिट्रिअल इंजेक्शन’ हे नाव स्पष्ट आहे. डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या द्रवात दिले जाणारे इंजेक्शन, म्हणजे काकांना दिले तेच. कंपनीला या उपचारांवर कमाल रक्कम घालता येते, पण उपचारच नाकारता येत नाही. हे नियम न पाळणारी जुनी पॉलिसी १ ऑक्टोबर २०२० नंतर विकण्यासही मनाई झाली.

काकांची पॉलिसी ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित प्रकारची, पाच लाखांची, जुलै २०२० पासून अखंड चालू. तिच्या मजकुरात या बारा उपचारांबद्दल लिहिले आहे की वैद्यकीयदृष्ट्या गरज असेल तेथे ते दाखल रुग्ण म्हणून किंवा रुग्णालयातील डे केअर उपचार म्हणून, विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दिले जातील. ‘किंवा’ या एका शब्दावर आमचे निम्मे पत्र उभे राहिले. चोवीस तासांची अट दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना आहे. डे केअरची व्याख्याच मुळी चोवीस तासांपेक्षा कमी वेळात, भूल देऊन, रुग्णालयात केलेला उपचार अशी आहे.

पण कंपनीची बाजूही इथे नीट वाचली पाहिजे, कारण बरीच अपिले याच जागी घसरतात. डे केअरच्या त्याच व्याख्येच्या शेवटी असे वाक्य आहे की एरवी बाह्यरुग्ण म्हणून घेतला जाणारा उपचार तिच्यात येत नाही. कंपनी हे वाक्य पुढे करते. त्यावर “आम्ही गरीब माणसे आहोत” असे लिहून काही साधत नाही. उपचार प्रत्यक्षात कसा झाला तेच सांगावे लागते. काकांना शस्त्रक्रियागृहात आडवे केले, थेंब घालून डोळा बधिर केला, पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतला, तोंडावर निर्जंतुक कापड टाकून पापण्या चिमट्याने उघड्या ठेवल्या, आणि बुबुळाच्या कडेपासून मोजून चार मिलिमीटर अंतरावर पांढऱ्या भागातून सुई आत घातली. औषध जेमतेम ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाएवढे. अंतर चुकले तर नैसर्गिक भिंगाला किंवा पडद्याला इजा होते, आणि जंतू आत गेले तर डोळा जातो. म्हणून तर एवढा सरंजाम. दंडात सुई टोचून घरी पाठवण्याशी याचे साम्य इंजेक्शन या नावापुरतेच आहे.

हे सगळे कागदावर मात्र हवे. काकांच्या पहिल्या बिलावर वर ‘ओपीडी’ असे छापलेले होते, कारण काउंटरवरच्या मुलीने केसपेपरचाच क्रमांक तिथे टाकला होता. शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत वेळ, भुलेचा प्रकार आणि औषधाचा बॅच क्रमांक व्यवस्थित होता, पण तो कंपनीपर्यंत गेलाच नव्हता. आम्ही कोल्हापूरला जाऊन त्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत, डे केअरचे डिस्चार्ज कार्ड आणि रुग्णालयाच्या नोंदणीची प्रत आणली. ज्यांचे इंजेक्शन खरोखरच तपासणीच्या खोलीत, शस्त्रक्रियागृह नसलेल्या दवाखान्यात दिले गेले असेल, त्यांचा दावा कमकुवत आहे आणि त्यांना खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही.

याच खेपेत आणखी एक चूक सापडली. दाव्याच्या अर्जावर आजाराचा सांकेतिक क्रमांक H35.3 घातला होता. हा क्रमांक वयोमानाने होणाऱ्या पडद्याच्या झिजेचा. काही जुन्या पॉलिसींत त्या झिजेवरचे उपचार नावाने वगळलेले असत, आणि टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, फोनवरचा माणूस काकांना “हे म्हातारपणाचे आहे” असे का सांगत होता ते तेव्हा उलगडले. मधुमेहाने होणारी सूज वेगळी: साखरेने पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, पाझरतात, आणि तो पाझर मध्यभागी साठतो. तिचे क्रमांक E11.3 आणि H36.0. औषध दोन्ही आजारांत एकच असू शकते, म्हणून बिलावरून फरक कळत नाही. डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळींचा दुरुस्तीचा दाखला दिला. त्यात सुजेचे कारण, दोन्ही ओसीटींचे आकडे आणि महिन्याच्या अंतराने इंजेक्शन का लागते हेही लिहून घेतले: औषधाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो आणि पाझर पुन्हा सुरू होतो. तिसऱ्या इंजेक्शननंतर जाडी २९१ वर आली होती आणि नजर ६/१२ झाली होती. गरज होती हे सिद्ध करायला याहून चांगला पुरावा मिळत नाही.

तिसऱ्या मुद्द्याला फार जागा लागत नाही. मधुमेह आहे हे काकांनी २०२० च्या अर्जातच लिहिले होते आणि त्यांच्या पॉलिसीतला आधीच्या आजारांचा ४८ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ जुलै २०२४ मध्ये संपला होता. पहिले इंजेक्शन सप्टेंबरचे. २०२४ पासून नियामकाने हा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला आहे, आणि सलग ६० महिने हप्ते भरलेल्या पॉलिसीवर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचा आक्षेप घेता येत नाही. ज्याने मधुमेह लपवला आणि दुसऱ्याच वर्षी दावा केला त्याला मात्र निरोपातली भीती लागू पडते, आणि दोष कंपनीचा नसतो.

चौथ्या मुद्द्यातली चीड मला समजते, पण ती माहिती जुनी आहे. नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारण्याआधी तो कंपनीच्या समीक्षा समितीपुढे जावा लागतो, आणि नकाराच्या पत्रात पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख असावा लागतो. काकांच्या पत्रात तो नव्हता, म्हणून आमच्या अपिलाचा पहिला परिच्छेद असा होता:

“आपल्या नकारपत्रात पॉलिसीच्या कोणत्याही कलमाचा उल्लेख नाही. उपचार २४ तासांपेक्षा कमी वेळाचा होता हे मान्य आहे. तथापि आधुनिक उपचारांच्या कलमानुसार इंट्राव्हिट्रिअल इंजेक्शन डे केअर म्हणूनही देय आहे. ते लागू होत नसल्यास कोणत्या अटीमुळे, हे कृपया कलम क्रमांकासह कळवावे, आणि दावा समीक्षा समितीपुढे ठेवल्याची तारीख द्यावी.”

दुसऱ्या परिच्छेदात उपचार कसा झाला ते, तिसऱ्यात सांकेतिक क्रमांकाची दुरुस्ती, चौथ्यात हिशेब. रागाचा शब्द एकही नाही. काकांना दोन घालायचे होते, मी ते काढले. हिशेब आपणच मांडून दिला की समोरच्याला टाळाटाळीला वाव उरत नाही. ७२,००० मधून देय नसलेले १,२०० रुपयांचे किरकोळ सामान वजा, उरले ७०,८००. या पॉलिसीत प्रत्येक दाव्याचा ५ टक्के वाटा विमेदाराने सोसायचा असतो, तो ३,५४०. म्हणून मागणी ६७,२६० रुपयांची. आधुनिक उपचारांची मर्यादा अडीच लाख, म्हणजे ती आड येत नव्हती.

पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलने आणि पोच-पावतीसह टपालाने पाठवले. तिथे नकार आला किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. नकारापासून एक वर्षाच्या आत मात्र जायला हवे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. तिथे बसणारा माणूस कंपनीचा नसतो, त्यामुळे निरोपातले “तेच लोक” तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

आम्हाला पुण्याला जावे लागले नाही. सतराव्या दिवशी ६७,२६० रुपये काकांच्या खात्यात आले. पहिल्या ओसीटीचे २,५०० रुपये मी मागायलाच विसरलो होतो. ती इंजेक्शनच्या अकरा दिवस आधी झाली होती, आणि उपचाराआधीच्या ३० दिवसांतल्या तपासण्या या पॉलिसीत देय आहेत. पाच टक्के वजा जाता २,३७५ रुपयांचे दुसरे पत्र परवाच टपालात टाकले आहे.