बारा इंचांचा पाऊस

परवा तालुक्याच्या गावी सॅनिटरीच्या दुकानात, भर गर्दीच्या वेळी, मला एका कोरड्या शॉवरखाली उभे करण्यात आले. "गुरुजी, इथं उभे राहा, वर पाहा, फील घ्या," असे म्हणत दुकानदाराने माझे खांदे धरून मला भिंतीवर टांगलेल्या बारा इंची रेन शॉवरच्या बरोबर मध्याखाली आणले आणि मी चष्मा सावरत वर पाहू लागलो. शॉवरमागे नळ नव्हता, त्यामुळे फील म्हणून जे काही आले ती धूळ होती.

माझा प्रश्न साधा होता. आमच्या टाकीतील पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापासून साधारण वीस फूट उंच आहे. तेहतीस फुटांना ढोबळमानाने एक बार दाब मिळतो, म्हणजे आमच्याकडे पाणी वाहत नसताना जेमतेम ०.६ बार, फार नाही आणि अगदीच कमीही नाही. एवढ्या दाबावर रेन शॉवर घ्यावा, हँड शॉवर घ्यावा, की दोन्ही एकाच दांड्यावर असलेला शॉवर कॉलम घ्यावा? दुकानदार म्हणाला, "कॉलमच घ्या, सध्या तेच चालू आहे." चालू कोठे आहे, हे त्याने सांगितले नाही.

तेवढ्यात स्प्रिंकलरच्या पाइपाची रबरी रिंग घ्यायला आलेले एक काका खतांच्या रिकाम्या पिशवीवर बैठक मारून आमच्या व्यवहारात उतरले. रिंग दोन मिनिटांत मिळाली होती, तरी ते उठले नाहीत.

"गुर्जी, आंग धुवाले एवढा मोठा कायले पाह्यजे? अर्धं पाणी तं तुमच्या बाजूनं जाईन."

"काका, तो पावसासारखा पडतो," दुकानदार म्हणाला.

"पाऊस तं आमच्याकडे बी पडते, पण त्याले आम्ही पैशे नाई देत. मले एक सांग, माह्या वावरात पाच नोजल झ्याक फिरतेत. सहावं लावलं का साऱ्याईची मान पडते. पंप थोच हाय, भोकं वाढवले तं जोर कुठून येईन?"

दुकानातील सारे हसले, आणि हसताना त्यांनी काकांकडे न पाहता माझ्याकडे पाहिले, हे मला अजून खटकते. कारण काकांच्या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नव्हते आणि खोक्यावरही नव्हते. खोक्यावर धबधबा छापला होता. किमान किती दाब लागतो, ही ओळ मात्र कोठेच नव्हती. पिठाच्या पिशवीवर वजन छापतात, तर पाण्याच्या वस्तूवर दाब का छापू नये?

मी घरून मोजमाप करून गेलो होतो. जुना शॉवर पिळून काढला आणि त्याच नळीखाली दहा लिटरची बादली धरली, तर ती पंचाहत्तर सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला आठ लिटर. (खालच्या नळावर हीच बादली लवकर भरते, कारण तो नळ शॉवरपेक्षा खाली असतो, त्यामुळे तेथे मोजून शॉवर ठरवणाऱ्याची फसगत होते.) आता हे आठ लिटर चार इंची हँड शॉवरमधून आले तर अंगाला धार लागते. बारा इंची तबकडीचे क्षेत्रफळ त्याच्या नऊपट असते. तेच पाणी तेवढ्या पसाऱ्यात वाटले की मधली भोके वाहतात, कडेची ठिबकतात, आणि तबकडी किंचित कलली असेल तर सारे पाणी एकाच बाजूला उतरते. आठ इंची तबकडी चारपट पडते. तिच्यात पाणी अंगावर येते, पण केसांतला साबण निघायला वेळ लागतो.

कॉलमचे दुखणे वेगळे आहे. पाणी या शॉवरकडून त्या शॉवरकडे वळवणाऱ्या त्याच्या डायव्हर्टरची वाट अरुंद असते, तेथे थोडा दाब खर्च होतो. आणि काही कॉलमवर दोन्ही शॉवर एकदम चालू ठेवता येतात, तेव्हा आठाचे दोन वाटे होतात. शिवाय आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की वर्षभरात बारीक भोके पांढरी होतात. सिलिकॉनची बोंडे असली तर बोटाने चोळून साफ करता येतात, पण बारा इंची तबकडीवर ती चोळत रोज स्टुलावर कोण उभे राहणार? प्रेशर पंप बसवता येतो, हे खरे. पण सकाळी आंघोळीच्या वेळी वीज गेली की तो पंप आणि मी दोघेही गप्प.

म्हणून मी सरकत्या दांड्यावरचा, सिलिकॉनच्या बोंडांचा चार इंची हँड शॉवर मागितला. तो दांड्यावर तीन फूट खाली आणला की तीन फुटांचा दाब फुकट पदरात पडतो. दुकानदाराचा चेहरा उतरला. "खोकं उघडलं की परत नाही बरं का," एवढेच तो बोलला, आणि बिलावर माझ्या आडनावाची वेलांटी चुकवली.

काका मात्र नळी हातात घेऊन वाकवून पाहत होते. "याच्यानं बैल धुता येईन का रे?" त्यांनी विचारले. त्यावर दुकानदाराने काउंटरवरचे सगळे बाजूला सारले, चार प्रकारच्या नळ्या काढल्या आणि प्रत्येकीची लांबी, जाडी, ती किती दाब सोसते, सारे त्यांना बारकाईने समजावून सांगितले.