पेन्सिल जाईल एवढी फट

गेल्या रविवारी अण्णा ओटीवर आले, कपाटाच्या दोन दारांमधल्या फटीत माझ्याच टेबलावरची पेन्सिल घातली, ती आरपार गेल्याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "काय रे, दार करताना लाकूड कमी पडलां काय?"

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण ती फट अण्णांनीच पाडलेली आहे. ऑगस्टमध्ये. माझ्या रंध्याने. मी चहा आणायला आत गेलो होतो तेवढ्यात.

कपाट आजोबांच्या वेळचं, सागाचं. तोंड नव्वद सेंटिमीटर रुंद, दोन दारं. भंगारवाल्याने त्याकडे न बघताच आकडा सांगितला होता, त्यामुळे अभिमानापोटी ते ठेवायचं ठरलं. आणि कोकणात कुठल्याही वस्तूला रंग द्यायचा म्हटला की मुहूर्त एकच, चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस. म्हणजे बाहेर धो धो पाऊस, आत भिंतींना घाम आणि आपण ब्रश घेऊन उभे. लाकडाला रंग द्यायला याच्याहून वाईट पंधरवडा वर्षात दुसरा नाही. पण गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांना हे कोण सांगणार?

तर, दारं अडकत होती. अण्णा खुर्ची घेऊन समोर बसले.

"दार अडकता? मगे रंधो मार. ह्येका काय अक्कल लागता?"

"अण्णांनु, पावसात लाकूड फुगता. आता कापलां तर माघात फट पडतली."

"पडात. फटीतसून वारो खेळता. कपड्यांका कुबट वास येणा नाय."

"मगे दारां कित्याक होयी? काढूनच टाकूया."

"तुझ्या आज्याक विचार."

"आजो मरान पंचवीस वर्षां झाली."

"मगे आता कोण अडवता?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. अण्णांच्या स्वतःच्या मागल्या दाराला त्यांनी हाच उपाय दर श्रावणात केलेला आहे. ते दार आता चौकटीत बसत नाही, चौकटीत राहतं. मांजर बंद दारातून आत येतं आणि अण्णा ते कौतुकाने दाखवतात. कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही म्हणून मध्ये सुतळी बांधली आहे. इतकं सगळं डोळ्यांसमोर असताना मी रंधा ओटीवर ठेवून चहा आणायला गेलो, ही चूक माझीच.

आता जरा लाकडाची बाजू ऐकू या, कारण ती अण्णांनी ऐकली नाही. लाकूड फुगतं ते आडवं, रेषांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. साग तसा शहाणा, कमी हलणारा. तरी लाकडातला ओलावा एका टक्क्याने वाढला, तर आडव्या फाकेची फळी रुंदीत साधारण शेकडा शून्य दशांश दोन वाढते. ऑगस्ट आणि माघ यांच्यात पाच-सहा टक्क्यांचा फरक धरा. माझी दारं सलग फळीची असती, तर पंचेचाळीस सेंटिमीटरचं एकेक दार पाच मिलिमीटर वाढलं असतं, दोन्ही मिळून सेंटिमीटरभर. म्हणूनच जुन्या सुतारांनी दाराला चौकट केली आणि मधली फळी खाचेत नुसती सरकवून ठेवली, डिंक न लावता. ती फळी तीन-चार मिलिमीटर फुगते ती खाचेतल्या खाचेत, बाहेर कुणाला कळत नाही. दार म्हणून वाढतात त्या फक्त चौकटीच्या सात-सात सेंटिमीटरच्या उभ्या पट्ट्या. एकेक पट्टी पाऊण-एक मिलिमीटर, चार पट्ट्या मिळून तीन-साडेतीन. आणि कपाटाच्या तोंडाची वरची आडवी पट्टी लांबीत वाढतच नाही, म्हणजे दारं फुगली तरी तोंड तेवढंच राहतं. म्हणून अडकतं. बंद दारांमध्ये माघात साडेतीन-चार मिलिमीटर जागा दिसली पाहिजे, आणि ऑगस्टात पोस्टकार्ड कसंबसं जावं. दोन्ही ऋतूंत फट सारखीच दिसायला हवी असेल, तर कपाट लोखंडाचं घ्यावं.

पण ऑगस्टात दार घासत होतं त्याला एकट्या पावसाचा दोष नव्हता. कडांवर रंगाचे थर होते. प्रत्येक चतुर्थीला एक हात, असे दहा-बारा. ऑइल पेंटचा वाळलेला एक हात मिलिमीटरच्या तीन शतांशाएवढा असतो, म्हणजे एका कडेवर तिसरा हिस्सा मिलिमीटर. कडा किती? तोंडाच्या दोन बाजू, दारांच्या बिजागरीकडच्या दोन आणि मधल्या दोन, एकूण सहा. म्हणजे लाकडाला हात न लावता नुसता कडांवरचा रंग उतरवला असता, तर जवळजवळ दोन मिलिमीटर मोकळे झाले असते. घासतंय कुठे हे कळायला कार्बन पेपर दारात ठेवून दार लावावं, ठसा उठतो. ठसा फक्त वरच्या कोपऱ्यात असेल तर दोष ना रंगाचा ना लाकडाचा, वरची बिजागरी सैल झाली आहे. स्क्रू काढून भोकात बांबूची काडी फेविकॉल लावून ठोकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा स्क्रू. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजतात म्हणून पितळी घालावेत, पण आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्यावी. पितळेची मान नाजूक असते, मोडली की निम्मा स्क्रू कायमचा आत.

कार्बन पेपर आणायचं माझ्या मनात होतं. चहा घेऊन बाहेर आलो तर अण्णांनी दार बिजागरीवरून उतरवून मांडीवर आडवं घेतलं होतं आणि खाली रिबिनींचा ढीग पडला होता. वरच्या रिबिनी निळ्या, मग पिस्ता, मग चॉकलेटी, आणि मग सागाचा पिवळसर तपकिरी. घराण्याचा इतिहासच. चॉकलेटीपाशी थांबले असते तरी काही बिघडलं नसतं. रंग संपल्यावर अण्णा आणखी तीन मिलिमीटर लाकडात गेले, कारण, त्यांच्याच शब्दांत, "हात बसलो होतो."

दार सुरेख लागायला लागलं. सगळं घर त्यांच्यावर खूश. मलाच खोट्यात काढलं गेलं.

रंग उतरवण्याबद्दल एक गोष्ट मात्र गंमत बाजूला ठेवून सांगतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं दर दहा लाख भागांत नव्वदपर्यंत आणण्याचा नियम 2016 चा. त्याआधीचे थर कोरडा पॉलिश पेपर मारून उडवू नयेत, ती धूळ पोरांच्या पोटात जाते. पेंट रिमूव्हर जाड थापावा, एकाच दिशेने, वीसेक मिनिटं हात लावू नये, रंगाला सुरकुत्या आल्या की पत्र्याने खरवडावा. हे मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच करावं. उरलेला रंग ओल्या पॉलिश पेपरने घासावा. कॉस्टिक सोड्याची बादली कुणी सुचवली तर नको म्हणावं. रंग निघतो, पण साग काळा पडतो आणि सोडा सांध्यांत मुरून पुढचा रंगही सोडवतो.

पुढे अण्णांचा दुसरा सल्ला होता, "खाचेत लांबी भर, फट दिसता." हा मी निकराने परतवला. फळी आणि चौकटीमधली रेघ म्हणजे फळीचं अंगण. त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली की पावसात फळीला फुगायला जागा उरत नाही, ती कुसवाचे सांधे ढकलून उघडते. आणि लांबी, रंग यांनी फळी दोन्हीकडून धरून ठेवली, तर माघात आकसताना तिला सरकता येत नाही, ती मधोमध चिरते. लोक म्हणतात लाकूड जुनं झालं. लाकूड ठीक असतं, त्याला हलूच दिलेलं नसतं. लांबी खिळ्यांच्या भोकांत भरावी आणि तिथेच थांबावं.

रंगही ऑगस्टातच दिला, कारण पाहुणे. उन्हाळ्यात रात्रभरात वाळणारा हात दोन दिवस चिकट राहिला. आतल्या फळ्यांवर वहिनीने वर्तमानपत्र अंथरलं, ते आता कपाटाचा अवयव आहे. भाताचा गेल्या वर्षीचा हमीभाव मला कपडे काढताना रोज वाचावा लागतो. बंद कपाटाच्या आत ऑइल पेंट मुळात द्यायचाच नसतो. वारा नसल्याने तो महिनोन्महिने वास मारतो. आत चपडी लाखेचं पॉलिश पुरतं, पण तेही पावसात नाही. स्पिरिट उडताना लाकूड थंड होतं, हवेतलं दव त्यावर धरतं आणि पॉलिशवर पांढरी साय येते.

माघात आणखी एक बिंग फुटलं. दारांच्या मधल्या फळ्या आकसल्या आणि दोन्ही कडांना, खाचेत लपलेल्या भागात, कधीच रंग न लागलेल्या पिवळ्या रेघा बाहेर आल्या. फळी सगळ्यात अरुंद असताना, म्हणजे आता, रंग दिला की ती लपणारी कडही रंगते. दाराखाली आरसा धरून पाहिलं तर तळाची कड कोरी. रंगारी तिथे ब्रश नेत नाही, दिसत नाही म्हणून. उभ्या पट्ट्यांची लाकडाची टोकं तिथेच उघडी असतात आणि ओल सगळ्यात आधी तिथूनच शिरते. रंगाने लाकडाचं फुगणं थांबत नाही, फक्त सावकाश होतं, पण तळ कोरा ठेवला तर तेवढंही नाही.

तर या आठवड्यात दुरुस्ती. फट सात मिलिमीटर, हवी चार. म्हणून डाव्या दाराच्या मधल्या कडेवर तीन मिलिमीटर जाडीची सागाची पट्टी, रेषा दाराच्याच दिशेने. कडेवरचा रंग आधी पूर्ण खरवडला, कारण फेविकॉल लाकडाला धरतो, रंगाला नाही. एवढ्या लांबीला शिकंजे आणायचे कुठून, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दाराभोवती ताणून बांधल्या. दोऱ्यापेक्षा दाब सारखा बसतो. चोवीस तास तसंच ठेवायचं, मग पट्टीचं जास्तीचं रंध्याने चौकटीबरोबर करायचं आणि वर प्रायमर.

आज सकाळी अण्णा आले. ट्यूबमध्ये गुंडाळलेल्या दाराभोवती एक फेरी मारली, वाकून पट्टी पाहिली, अंगठा फिरवला.

"जाड झाली हा. जरासो हात मारूक होयो. रंधो खंय तो?"

रंधा मी भाताच्या कणगीत पुरून ठेवलाय.