उशिराच्या मेलमध्ये तारीख कुठून येते?

गेली काही वर्षं मी घरून साड्या विकणाऱ्या ओळखीच्या दोन-तीन जणींचा ऑर्डरचा हिशोब आणि ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार बघते. लग्नसराईच्या तोंडावर दरवर्षी एक मेल हमखास लिहावा लागतो. पुरवठादाराकडून येणारा माल कुठेतरी अडकतो, साडी वेळेवर निघत नाही आणि पैसे देऊन बसलेल्या ग्राहकाला ते कळवायचं असतं. हा मेल कसा लिहावा याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि आज ते सविस्तर मांडते आहे, कारण मला स्वतःला ग्राहक म्हणून येणारे असे बहुतेक मेल वाचून राग येतो. "काही अपरिहार्य कारणांमुळे आपली ऑर्डर थोडी लांबली आहे, लवकरच पाठवू, सहकार्याबद्दल धन्यवाद." यात कारण नाही, तारीख नाही आणि पैसे परत मिळतील की नाही तेही नाही. मुलीच्या लग्नाला साडी मागवलेल्या बाईने या मेलचं काय करायचं? दुसरीकडे साडी बघायची की थांबायचं, हे ठरवायला तिला त्यातून एक अक्षरही मिळत नाही.

एक प्रसंग सांगते. येवल्याच्या हातमागावरची पैठणी, वांगी रंगाची. ग्राहकांना २० नोव्हेंबरची तारीख दिलेली होती. दिवाळी नुकतीच झाली होती आणि रंगाऱ्याकडून बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, रेशमाचा नवा लॉट आला, तो आधीच्या लॉटपेक्षा उघड फिका. नुसत्या लडीकडे पाहिलं तर फरक फारसा कळत नाही, पण विणायला घेतलं की साडीच्या अंगावर आडवा पट्टा दिसतो आणि तो नंतर काही केल्या जात नाही. विणकराने माग थांबवला. योग्यच केलं. रेशीम परत रंगाऱ्याकडे गेलं.

विक्रेतीने येवल्याला फोन केला तेव्हा उत्तर आलं, "होईल ताई पंधरा-वीस दिवसांत." ही तारीख बहुतेक विक्रेते जशीच्या तशी मेलमध्ये टाकतात आणि मग पंधरा दिवसांनी दुसरा मेल लिहायची वेळ येते. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं. पुरवठादाराला "कधी होईल?" विचारलं की तो बिचारा आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. त्याऐवजी विचारायचं, "आत्ता साडी कुठपर्यंत आली आहे, आणि रोज किती होते?"

तसं विचारल्यावर चित्र स्पष्ट झालं. एका साडीचं निम्मं अंग विणून झालं होतं. उरलेलं साधारण नऊ फूट, आणि पूर्ण पदर. बुट्टीचं अंग त्या मागावर दिवसाला फूटभर सरकतं, म्हणजे नऊ दिवस. पदरावर मोर आहेत, तिथे प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवावी लागते, दिवसाला दोनच इंच होतात. चोवीस इंचांच्या पदराला बारा दिवस. हे झाले एकवीस दिवस, त्यात आठवड्याच्या सुट्टीचे तीन मिळवले की चोवीस. रेशीम पुन्हा रंगून, वाळून येवल्यात पोचायला रंगाऱ्याने आठ दिवस सांगितले होते. शेवटी साडी तपासून घडी घालायला एक दिवस आणि कुरियरला चार. बेरीज सदतीस. २८ ऑक्टोबरपासून मोजलं तर ४ डिसेंबर येतो. पंधरा-वीस दिवस कुठे आणि सदतीस कुठे! पुरवठादार खोटं बोलला नव्हता. तो फक्त मागावरचं काम मोजत होता. रंगाऱ्याचे, सुट्टीचे आणि कुरियरचे दिवस त्याच्या हिशोबात नव्हतेच.

आम्ही ग्राहकाला १० डिसेंबर कळवली. सहा दिवस हाताशी ठेवले, कारण रंग दुसऱ्यांदाही चुकू शकतो. माझा आग्रह असतो की मेलमध्ये ग्राहकाच्या हातात साडी पडायची तारीख द्यावी. "इथून निघेल" ती तारीख दिली की वाचणारा ती पोचण्याचीच तारीख समजतो आणि मग भांडण होतं.

आणखी एक गोष्ट. त्या वांगी पैठणीच्या सगळ्या ऑर्डर एकाच अवस्थेत नव्हत्या. एक साडी जुन्या लॉटवर पुरी झालेली होती, ती वेळेवरच जाणार होती. काही अर्ध्या होत्या. काहींचा नुसता ताणा मागावर चढला होता, बाणा सुरूच झाला नव्हता, त्यांना जानेवारी उजाडणार होता. सगळ्यांना एकच मेल पाठवणं सोपं असतं, पण मग जिची साडी तयार आहे ती उगाच घाबरून ऑर्डर रद्द करते, आणि जिची जानेवारीत येणार ती डिसेंबरच्या भरवशावर राहते. तीन अवस्था, तीन मेल. थोडं जास्त काम आहे, पण मी यात सूट देत नाही.

अर्ध्या साडीच्या ग्राहकांना गेलेला मेल असा होता. विषयाच्या ओळीतच ऑर्डर क्रमांक आणि "पोचण्याची नवी तारीख १० डिसेंबर" असं लिहिलं होतं, म्हणजे मेल न उघडताही मुख्य गोष्ट कळावी.

"नमस्कार. तुमची वांगी रंगाची पैठणी आम्ही सांगितल्याप्रमाणे २० नोव्हेंबरपर्यंत पोचणार नाही, याबद्दल मनापासून क्षमस्व. बाण्यासाठी आलेल्या रेशमाचा रंग आधीच्या रंगाशी जुळला नाही. ते तसंच वापरलं असतं तर साडीवर पट्टा दिसला असता, म्हणून विणकाम थांबवून रेशीम पुन्हा रंगवायला दिलं आहे. साडी निम्मी विणून झाली आहे. ती तुमच्या घरी १० डिसेंबरपर्यंत पोचेल.

तुम्हाला ती त्याआधी हवी असेल किंवा थांबायचं नसेल, तर या मेलला फक्त 'रद्द' असं उत्तर द्या. कारण सांगायची गरज नाही. भरलेली पूर्ण रक्कम, कुरियरच्या पैशांसकट, ज्या खात्यातून किंवा कार्डावरून आली तिथेच परत जाईल. आम्ही ती त्याच दिवशी पाठवू. बँकेतून जमा व्हायला साधारण पाच ते सात कामाचे दिवस लागतात. यासाठी आम्ही कुठलीही लिंक पाठवणार नाही, ओटीपी किंवा यूपीआय पिन विचारणार नाही.

थांबणार असाल तर 'थांबते' असं कळवा. १ डिसेंबरला साडी कुठवर आली ते आम्ही फोटोसह कळवू."

लिंक आणि पिनबद्दलचं वाक्य मी हट्टाने घालायला लावते. रिफंडच्या नावाखाली लोकांना लुबाडणारे फोन रोज येतात. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे अजून कितीतरी जणांना ठाऊक नाही. आपल्या मेलनंतर कुणी आपल्या नावाने फोन केला तर निदान आपला ग्राहक सावध असावा.

कारण किती सांगायचं यावरही मतभेद होतात. रंगाऱ्याचं नाव घालायचं नाही, त्याच्यावर ढकलायचंही नाही. ग्राहकाने पैसे रंगाऱ्याला दिलेले नाहीत, आपल्याला दिलेत. पण "पुरवठादाराची अडचण" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच पडताळता येत नाही. रंग जुळला नाही, निम्मी साडी विणली आहे, एवढं सांगितलं की तिला स्वतःला अंदाज येतो की ही तारीख खरी असू शकते.

आता पैसे परत करण्याबद्दल. काही विक्रेते म्हणतात, "साडी मागावर आहे, आता रद्द कशी करू? पेमेंट गेटवेची फीसुद्धा परत मिळत नाही." त्यांचं नुकसान होतं हे मला मान्य आहे, बहुतेक गेटवे फी खरोखरच परत देत नाहीत. पण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट आहे की सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा आला तर विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. अपवाद आहे तो आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. पूर आला, रस्ते बंद झाले तर गोष्ट वेगळी. रंगाऱ्याचा लॉट फिका निघाला ही माझ्या मते धंद्यातली रोजची जोखीम आहे, तिला आपत्ती म्हणून ग्राहकाच्या गळ्यात बांधू नये. आणि पैशांऐवजी दुकानाचं कूपन देणं म्हणजे रिफंड नव्हे. कूपन द्यायचंच असेल तर थांबणाऱ्याला द्या, वरून.

सगळ्यात अवघड प्रश्न उरतो, मेलला उत्तरच न देणाऱ्यांचा. आपल्याकडे लोक मेल रोज उघडत नाहीत, म्हणून तोच मजकूर व्हॉट्सॲपवरही पाठवावा आणि तिसऱ्या दिवशी फोन करावा. तरीही काही जणी गप्पच राहतात. ते मौन होकार समजायचं का? आमच्या एका विक्रेतीच्या साड्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत जातात, त्यामुळे तिथला नियम वाचण्यात आला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ साली टपालाने मागवलेल्या मालासाठी तो आणला, आज तो इंटरनेटवरच्या ऑर्डरनाही लागू आहे. पहिला उशीर तीस दिवसांच्या आत असेल आणि नक्की तारीख दिली असेल, तर ग्राहकाचं मौन म्हणजे थांबायला होकार. पण उशीर त्याहून मोठा असेल किंवा तारीखच देता येत नसेल, तर मौन म्हणजे नकार. तिने स्वतः होकार कळवला नाही तर पैसे परत. आपल्या नियमांत इतक्या तपशिलाने हे लिहिलेलं नाही, पण मला हा भेद इतका न्याय्य वाटतो की आम्ही तो इथल्या ग्राहकांनाही लावतो. १० डिसेंबरवाल्या गप्प राहिल्या तर त्यांची साडी चालू ठेवली. जानेवारीवाल्यांच्या मेलमध्ये मात्र स्पष्ट लिहिलं होतं, "५ नोव्हेंबरपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही, तर आम्ही ऑर्डर रद्द करून पैसे परत पाठवू." विक्रेतीला ते जड गेलं. पण लग्न डिसेंबरात आहे की नाही हे आपल्याला माहीत नसताना दोन महिने कुणाचे पैसे अडकवून ठेवणं मला पटत नाही.

आणि नवी तारीखही चुकली तर? मग पुन्हा तिसरी तारीख देऊन थांबायला सांगू नये. आधी पैसे परत पाठवावेत आणि त्याच मेलमध्ये लिहावं, "साडी अमुक दिवशी तयार होईल, तेव्हाही हवी असेल तर तुमच्यासाठी आठवडाभर राखून ठेवू, पैसे तेव्हाच भरा."