सर्टिफिकेट आणलं की सुटका?
"डॉक्टरचं वेडाचं सर्टिफिकेट आणलं की खून माफ, असंच ना?"

नाही हो, नुसत्या सर्टिफिकेटवर कोणी सुटत नाही. वेडाच्या बचावाचं कलम, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ८४ आणि आता भारतीय न्याय संहितेचं २२, आरोपीला मानसिक आजार आहे का एवढंच विचारत नाही, ते विचारतं की नेमकं गुन्ह्याच्या क्षणी आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे त्याला कळत होतं का. आणि हे दाखवायचं ओझं आरोपीवरच असतं, फक्त ते सरकारी पक्षाइतकं कडक नसतं.

आपल्या महाराष्ट्रातलीच केस बघा, १९९४ ची. पोलीस कॉन्स्टेबल, सकाळी बायकोशी भांडण झालं, ती कपडे धूत होती तेव्हा डोक्यात वरवंटा घातला. पळाला नाही की काही लपवलं नाही. खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने जन्मठेपच दिली, पण २००२ ला सुप्रीम कोर्टाने सोडलं, कारण पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार आधीपासूनचे, वडिलांनाही मानसिक आजार, घटनेनंतर काही महिन्यांत पंचवीसेक वेळा हॉस्पिटलला नेलेलं, आणि खुनाचं कारण तसं किरकोळच. म्हणजे आधीचे नि नंतरचे कागद जुळवून तो क्षण ठरवला, कारण त्या क्षणी तपासायला डॉक्टर कुठून असणार?

आणि खटल्याच्या वेळी आजारामुळे आरोपीला बचावच करता येत नसेल तर तो मुद्दाच वेगळा, तिथे खटला थांबतो, माफी मिळत नाही. वेडामुळे निर्दोष सुटला तरी कोर्ट त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायला सांगू शकतं किंवा जबाबदार नातेवाइकाकडे सोपवतं, बॅग घेऊन सरळ घरी असं नसतं 🙏