काळं तेल, पिवळं तेल आणि आमच्या घरचा वाद

"ताई, मुंगोडीचं तेल दुसऱ्याच दिवशी काळं होऊन राहिलं, फेकून देऊ का? मामा म्हणतात पिवळं आहे तोवर चालते, तिकडे कसं ओळखता?"

वहिनी, तुझी मुंगोडी आणि मामांचा आलूबोंडा, दोघांच्या कढईतला रंग वेगवेगळ्या कारणानं बदलतो, म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लागत नाही. मुगाच्या वाटलेल्या डाळीत प्रोटीन असते, थोडी साखर असते, ते तेलात सुटून तपकिरी होते, जसे पोळीवर डाग पडतात तसे, वरून मिरची, आणि तळाशी बसलेला चुरा जळत राहतो तो वेगळा. म्हणजे पहिल्या दिवशीचा काळेपणा बराचसा डाळीचा आणि चुऱ्याचा आहे. तेल स्वतः तुटायला लागते ते गरमी, हवा आणि तळणातून सुटणाऱ्या पाण्यामुळे, आणि त्याचा रंग हळू चढतो.

मी इथे जर्मनीत ज्या कॅन्टीनच्या किचनमध्ये आहे तिथे दोन फ्रायर आहेत, एकात ब्रेडक्रम्स लावलेले कटलेट, दुसऱ्यात फक्त बटाट्याचे फ्राईज. सुरुवातीला मी कटलेटवालं तेल काढायला निघाले होते कारण ते कोऱ्या चहासारखं दिसत होतं, दोन दिवसांचं होतं फक्त. आमच्या शेफनं थांबवलं, शेवटचा घाणा काढून पाच मिनिटं जाऊ दिली (तेलात पाणी उकळत असलं तर आकडा चुकतो) आणि मीटरची दांडी तेलात बुडवली तर आकडा आला १३. फ्राईजचं तेल मधासारखं सोनेरी, मला तर एकदम मस्त वाटत होतं, त्यात २५. हा आकडा म्हणजे तुटलेल्या तेलाचे शंभरातले टक्के, इथे २४ च्या वर गेलं की तेल बदलायचं, आणि आपल्याकडे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयनं १ जुलै २०१८ पासून २५ ची मर्यादा लावलेली आहे. म्हणून ग्रुपमध्ये जे व्हिडिओ फिरतात ना, काळी कढई दाखवून 'जहर जहर' म्हणणारे, त्यांचा मला राग येतो, कारण ते पाहणारा माणूस सोनेरी तेलावर डोळे मिटून भरवसा ठेवतो.

मामांचं अर्धं बरोबर आहे. ते रोज नवं तेल घालतात त्यानं रंगही उतरतो आणि आकडाही. समजा कढईत ४ लिटर जुनं २६ चं उरलं, त्यात ताजं १ लिटर ४ चं टाकलं तर सगळं मिळून साडेएकवीसच्या आसपास येते, म्हणजे कायद्यात पास. पण जुन्यातलं बिघडलेलं तसंच आत राहते आणि ते नव्यालाही लवकर बिघडवते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत पुन्हा तिथेच. मामा म्हणतात "मग रोज टाकतोच ना मी", आणि यावर आमचं अजून जुळलेलं नाही.

काकूंनी मधेच विचारलं की मग शेंगदाणा घ्यावा का सोयाबीन, त्यांना कोलेस्टेरॉलचं टेन्शन आहे. काकू, तो वेगळा विषय आहे, त्यावर निवांत फोन करते.

नागपूरच्या एलआयटी कॉलेजातून ऑइल टेक्नॉलॉजी केलेल्या मावसभावाला मी विचारलं की मीटर नसलं तर काय. तो म्हणाला रंग वापर, पण स्वतःशीच तुलना करायला, म्हणजे तेच तेल, तीच मुंगोडी, आणि कढईत पाहून नाही, कारण कढई काळी आणि तेल खोल, त्यात सगळंच काळं दिसते. पांढऱ्या वाटीत गाळलेलं गार तेल दोन चमचे घे, बाजूला ताज्या तेलाची बाटली ठेव, रोज त्याच वेळी. चुरा दर दोन-तीन घाण्यांनी झाऱ्यानं काढला, रात्री गार झाल्यावर कापडानं गाळलं आणि तरी रंग दिवसागणिक चढत गेला तर तो चुऱ्याचा नाही, तेलाचा आहे. त्यासोबत झाऱ्यावरून तेल घट्ट धारेनं पडू लागलं, मुंगोडी काढल्यावरही साबणासारखा बारीक फेस बसत नाही, नेहमीच्याच आचेवर धूर निघतो, कढईच्या काठाला चिकट थर धरतो, यातलं काही दिसलं की वाट पाहू नको. ही सगळी लक्षणं उशिरा येतात हेही त्यानं सांगितलं, २५ कधी पार झालं ते डोळ्याला कळत नाही, म्हणून त्याचा हिशोब तीन वेळा तळणं आणि बस.

मला खरी काळजी दुसरीच आहे. इथे आमचं वापरलेलं तेल पिंपात जाते आणि गाडी येऊन घेऊन जाते. आपल्याकडे तेच तेल स्वस्तात दुसऱ्या ठेल्यावर जाते, तिथे ताजं मिसळून पुन्हा पिवळं दिसते, आणि नागपुरात महाल भागात ठेल्यापाशी उभं राहून खाणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. वहिनी, तुझ्याकडे तेल मागायला कोणी आलं तर देऊ नको, आणि बेसिनमध्येही ओतू नको, गार करून जुन्या डब्यात भर आणि बायोडिझेलसाठी गोळा करणारा कोणी मिळतो का ते दादाला विचारायला लाव. आणि उद्याच्या दोन वाट्यांचा फोटो खिडकीजवळ, उजेडात काढून पाठव, ट्यूबलाईटखाली रंग फसवतो.