वासाचा फोटो

मी घरून कुर्ते आणि डायऱ्या विकते, कुरिअरनं पाठवते. पावसाळा सुरू झाला की माझ्या गिऱ्हाइकांची नाकं तीक्ष्ण होतात. एरवी रंग, माप, शिवण यांवर बोलणारी माणसं आता फक्त वासावर बोलतात. 'ताई, कुर्ता ओला आलाय, कुबट वास येतोय. फोटो पाठवते,' असा निरोप येतो आणि पाठोपाठ खरंच फोटो येतो. वासाचा. मी तो मोठा करून बघतेही. गिऱ्हाइकाचा मान राखावा लागतो.

घरात निदान ठरलेलं असतं: 'कुरिअरवाल्यानं भिजवलं.' बिचारा! पाऊस पार्सलमध्ये शिरला तर एखादा कोपरा भिजतो आणि डागाची कड उमटते. बाहेरची पिशवी कोरडी, पत्त्याची शाई शाबूत आणि आतला कुर्ता सगळीकडे सारखाच दमट, असं असेल तर पाणी वाटेत शिरलेलं नाही. ते आपणच नीट घडी घालून, वर चिकटपट्टी लावून, पोहोच खर्चासकट पाठवलेलं असतं.

सुती कापडाला पाणी प्यायला पाऊस लागत नाही, दमट हवा पुरते. साधारण हवेत त्यात वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच. पावसाळी हवेत ते सहज १२ टक्क्यांच्या पुढे जातं. पूर्ण कोरडा असताना ३०० ग्रॅम भरणारा कुर्ता घ्या. एरवी तो ३२४ भरेल, पावसाळ्यात ३३६. हाताला दोन्ही वेळा 'वाळलाय' असंच वाटतं. पण वरचे १२ ग्रॅम म्हणजे चहाचे जवळजवळ अडीच चमचे पाणी. तेवढं पाणी कुर्त्यावर ओतून पार्सल पाठवायला कोणी सांगितलं, तर आपण त्याला वेड्यात काढू.

यावर सगळ्यांचा एकच उतारा: सिलिका जेलची पुडी टाक! या पुडीवर लोकांची श्रद्धा अशी, की पुडी ठेवली की पावसाळाच टळला. पाच ग्रॅमची पुडी फार तर दीड-दोन ग्रॅम पाणी ओढते. कुर्त्यातल्या त्या बारा ग्रॅम पाण्यापुढे ती काय करणार, लाजून बसणार. शिवाय आठवडाभर उघड्या डब्यात पडलेली पुडी आधीच हवेतलं पाणी पिऊन तृप्त असते. कोरड्या कुर्त्यासोबत बंद पिशवीत ठेवली तर ती वाटेतला थोडाफार ओलावा सांभाळते. तिची नोकरी तेवढीच.

म्हणून आधी कुर्ता वाळवायचा. वाफेची इस्त्री नको, कोरडी हवी. अंगाचं कापड पटकन वाळतं. ओल लपते ती कॉलरमध्ये, खिशाच्या पट्टीत आणि बाजूच्या जाड शिवणीत. तिथे इस्त्री जरा रेंगाळू द्यायची, मग ती जागा निवल्यावर गालाला लावून बघायची. बाकीच्या कापडापेक्षा गार लागली तर आत पाणी आहे. खात्रीसाठी स्वयंपाकघरातला काटा आहेच. इस्त्रीनंतर वजन उतरलं नाही, तर आपण नुसत्या सुरकुत्या मोडल्या.

खरी कुचंबणा यापुढे. गरम कुर्ता लगेच पिशवीत घातला तर त्याची वाफ गार प्लॅस्टिकवर जमून आतून थेंब धरते. निवायला उघड्यावर ठेवला तर तो पुन्हा हवा पिऊ लागतो. म्हणजे घाई केली तरी ओला, धीर धरला तरी ओला! यातून वाट एकच: दारं-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत एकेक कुर्ता पसरायचा, निवला की तिथेच पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची आणि तोंड पूर्ण चिकटवायचं. पिशवीला कारखान्यानं पाडलेलं बारीक भोक असेल तर त्यावरही चिकटपट्टी. हल्ली आमच्या घरी एसीत कुर्ते लोळतात आणि माणसं बाहेर पंख्याखाली घाम पुसतात. 'मलाही पिशवीत भर,' असं यजमान म्हणून झालंय.

डायऱ्यांचं प्रकरण वेगळं, त्यांना इस्त्री चालत नाही. कागदाच्या कडा आधी पाणी पितात आणि वाढतात, मधला भाग तेवढाच राहतो. मग पानांना लाटा येतात. नव्या बांधणीच्या डायरीत खळीचं पाणीही असतं, ते पुठ्ठ्यात मुरतं. ती लगेच बंद केली तर आत बुरशी ठरलेली. म्हणून पुठ्ठ्याशी कोरे कागद घालून वजनाखाली ठेवायची, ते कागद दमट लागले की बदलायचे. कागद कोरडे निघू लागले की डायऱ्यांचा गठ्ठा घट्ट बांधून पिशवीत. सुट्या डायऱ्या फळीवर मांडून ठेवायची हौस पावसाळ्यात आवरलेली बरी.

एवढं करूनही प्रत्येक खेपेतलं एक पाकीट मी मागे ठेवते आणि रात्रभर खिडकीच्या गार काचेला टेकवते. सकाळी आतून धुकं दिसलं की त्या खेपेची सगळी पाकिटं पुन्हा फोडायची. फोडताना माझ्या तोंडून जे शब्द निघतात, त्यांचा मात्र फोटो काढता येत नाही.