स्वल्पविरामाचे सहा हजार उपद्व्याप

काल एका सुताराने माझ्या दुकानात बिजागरीची किंमत विचारली. मी काँप्युटरमध्ये बघून सांगितली, आठ हजार तीनशे दोन रुपये. तो गंभीरपणे म्हणाला, "शेठ, दार सागवानी आहे, पण राजवाड्याचं नाही."

स्टॉक रजिस्टर टाईप करायला एका डेटा एंट्रीवाल्याला दिलं होतं. त्याच्या फाईलमधली ती ओळ अशी होती:

```
204,बिजागरी, पितळी, 4 इंच,8302,नग,95,18
```

रकाने सहाच: कोड, नाव, करासाठीचा एचएसएन क्रमांक, एकक, किंमत, जीएसटी. पण फाईल स्वल्पविरामाने तोडलेली, आणि नावातही दोन स्वल्पविराम. त्यामुळे 'पितळी' एचएसएनमध्ये गेलं, '४ इंच' एककात, आणि बिजागऱ्यांचा एचएसएन ८३०२ किमतीत जाऊन बसला. खरे ९५ रुपये बिननावाच्या सातव्या रकान्यात. कुलपाच्या नावात एकच स्वल्पविराम, म्हणून त्याची किंमत 'नग' आणि जीएसटी ४८० टक्के. सरकारलाही अजून हे सुचलेलं नाही. 'खिळे' असं सरळ नाव असलेल्या ओळी मात्र बरोबर. चाळून बघणाऱ्याला वरच्या पाच ओळीत काही सापडायचं नाही.

मी तक्रारीचा मेल लिहिला. सभ्य. ही ओळ चिकटवली आणि लिहिलं, की नाव अवतरणचिन्हांत घाला आणि पाठवण्यापूर्वी प्रत्येक ओळीत सहाच खाने आहेत का ते मोजा. उत्तर आलं नाही, फोन आला.

"सर, आमची अचूकता नव्व्याण्णव पूर्णांक आठ टक्के आहे."

"अहो, बिजागरी आठ हजारांना विकली जातेय."

"पण अक्षर चुकलंय का सर? पितळी बरोबर, चार इंच बरोबर, पंच्याण्णवही आहे."

"आहे, पण कुठे आहे?"

"उजवीकडे आहे सर."

पोराचा आवाज इतका समाधानी होता, की क्षणभर मलाच वाटलं आपण उगाच कटकट करतोय. करारात अचूकता अक्षरामागे मोजायची होती, आणि अक्षर एकही पडलेलं नव्हतं, फक्त फिरायला गेलं होतं. मग त्याने ठेवणीतला बाण काढला: "स्वल्पविराम तुमच्याच रजिस्टरमध्ये होता ना सर?"

होता. हार्डवेअरवाला 'बिजागरी, पितळी, ४ इंच' असंच लिहितो. आधी वस्तू, मग धातू, मग माप, म्हणजे सगळ्या बिजागऱ्या एका जागी सापडतात. वडील शाईने असंच लिहायचे आणि एक रकाना कधी हलला नाही. कारण कागदावर रेघ मारलेली असते.

आता नवीन फाईल आली आहे. अवतरणचिन्हं नाहीत, त्यांनी नावांतले स्वल्पविरामच उपटून टाकले आहेत. रकाने जागेवर आले, हे मान्य. सोबत 'सुधारणा शुल्क' म्हणून सहा हजारांचं बिल जोडलंय. त्यात मात्र '६,०००' मधला स्वल्पविराम जिथल्या तिथे आहे.